फोंड्याच्या पुरवठादारांनो, सही करण्याआधी रांग बघा

कुंडई, बेतोडा आणि मडकईच्या औद्योगिक वसाहतींना माल देणाऱ्या सर्व छोट्या व्यावसायिकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. सत्तावीस वर्षं मी या वसाहतींतल्या कारखान्यांचे हिशेब लिहिले. तुमची बिलं माझ्या टेबलावरून पुढे गेली, आणि पैसे थकले की पहिला फोनही मलाच आला. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद झाला तेव्हा एका कागदावर तुमच्या सह्या घ्यायला स्कूटरवरून मीच फिरलो होतो. त्या कागदात काय लिहिलं होतं हे तेव्हा मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पूर्ण कळलं नव्हतं. पात्रांवांनी सांगितलं, "फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांचे पैसे मिळणार," आणि मी तेच वाक्य दारोदार पोचवलं. आता पुन्हा एकदोन कारखाने गुंडाळण्याच्या गोष्टी कानावर येत आहेत, म्हणून हे पत्र.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. आकडेही सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत. प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे.

कंपनी बंद करायचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. एक स्वेच्छेने अवसायन. मालकांनी आपणहून ठरवायचं, लिक्विडेटर नेमायचा, मालमत्ता विकायची, देणी फेडायची, उरलं तर भागधारकांनी वाटून घ्यायचं. दुसरं सक्तीचं. तिथे हुकूम राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचा असतो, आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी हे न्यायाधिकरण मुंबईला बसतं. लोकांना वाटतं की पहिल्यात मालक राजी असतो आणि दुसऱ्यात नसतो, एवढाच काय तो फरक. तसं नाही. स्वेच्छेचा मार्ग फक्त अशा कंपनीसाठी आहे जी आपलं प्रत्येक देणं पूर्ण फेडू शकते. नादारी व दिवाळखोरी संहितेचं कलम ५९ हेच सांगतं. बहुसंख्य संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं की आम्ही पूर्ण चौकशी केली आहे, कंपनीला एकतर देणंच नाही किंवा मालमत्ता विकून जे येईल त्यातून सगळं देणं पूर्ण फिटेल, आणि कोणाला फसवण्यासाठी आम्ही हे करत नाही.

"मालमत्ता विकून जे येईल त्यातून" हे शब्द पुन्हा वाचा. ताळेबंदात जे लिहिलं आहे त्यातून, असं कायदा म्हणत नाही. आमची सगळी गडबड तिथेच झाली.

आमच्या कारखान्याच्या कागदांवर मालमत्ता होती २ कोटी ४० लाखांची. शेड आणि प्लॉट १ कोटी १० लाख, मशिनरी ६० लाख, कच्चा व तयार माल १५ लाख, गिऱ्हाइकांकडून येणी ५५ लाख. देणं होतं २ कोटी २० लाख. त्यात बँकेचे ८० लाख, ज्यांना सगळी मालमत्ता तारण होती. कामगारांचा थकलेला पगार आणि इतर देणी १८ लाख. ऑफिसातल्या आम्हा लोकांचे ६ लाख. मोठ्या पात्रांवांच्या भावाने कंपनीला दिलेलं विनातारण कर्ज ४० लाख. सरकारचे, म्हणजे मुख्यतः जीएसटीचे, १६ लाख. आणि तुम्हा पुरवठादारांचे सगळ्यांचे मिळून ६० लाख. वजाबाकी केली तर २० लाख उरतात. कागदावर कंपनी धडधाकट होती.

प्रतिज्ञापत्रासोबत दोन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल जोडावा लागतो. तो जोडला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत भागधारकांनी विशेष ठराव करून लिक्विडेटर नेमायचा असतो. तोही झाला, घरचेच भागधारक असल्याने दहा मिनिटांत झाला. पण कंपनीवर कर्ज असेल तर एवढ्याने भागत नाही. ठरावानंतर सात दिवसांत एकूण देण्याच्या दोन तृतीयांश रकमेच्या धनकोंनी त्या ठरावाला मान्यता द्यावी लागते. मी स्कूटरवर निघालो तो याचसाठी.

२ कोटी २० लाखांचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १ कोटी ४६ लाख ६७ हजार. बँक राजी होती, ८० लाख. भाऊ राजी होता, ४० लाख. कामगारांच्या १८ लाखांच्या सह्या युनियनने मिळवून दिल्या. आम्हा कर्मचाऱ्यांचे ६ लाख. बेरीज १ कोटी ४४ लाख, म्हणजे साडेपासष्ट टक्क्यांच्या किंचित खाली. जीएसटी खात्याकडून सात दिवसांत सही मिळवणं कोणाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. म्हणजे तुमच्यापैकी कोणीच सही केली नसती तर ठराव तिथेच पडला असता. पुठ्ठ्याची खोकी पुरवणारे एक गृहस्थ होते, त्यांचे ३ लाख यायचे होते. चवथ आठवड्यावर आली होती, ते घाईत होते. त्यांनी वाचलं नाही, माझ्याकडे बघून सही केली. १ कोटी ४७ लाख झाले. दोन तृतीयांश पार.

त्यांची ती सही म्हणजे पावती नव्हती, आणि मागणीअर्जही नव्हता. "या कंपनीजवळ सगळ्यांना पुरून उरेल एवढं आहे, तेव्हा तिने न्यायाधिकरणाच्या दारात न जाता आपली आपण विकून वाटावं," याला ती संमती होती. हे मी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी निदान एक प्रश्न विचारला असता.

कोणता प्रश्न, तो आता सांगतो.

स्वेच्छेच्या अवसायनातही पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ चाच असतो. सक्तीच्या अवसायनात जी रांग, तीच इथेही. पण कंपनी खरोखर सगळं फेडू शकत असेल तर त्या रांगेला काही अर्थ नसतो. लग्नाच्या पंगतीत जेवण पुरेसं असेल तर पहिल्या पंक्तीत बसलात काय नि तिसऱ्या, पानावर तेच पडतं. भात संपायला लागला की पंक्तीचा नंबर महत्त्वाचा. म्हणून तुमच्यासमोर संमतीचा कागद आला की बघायचं ते हेच: रांग लागायची वेळ येईल का? आणि आली तर मी कितव्या नंबरवर?

तुमचा नंबर सांगतो, कारण तो कोणी आपणहून सांगत नाही.

सगळ्यात आधी अवसायनाचा खर्च, लिक्विडेटरची फी धरून. त्याच्या मागे एकाच पायरीवर दोघे जण: कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी, आणि ज्यांनी आपलं तारण सामाईक भांड्यात घातलं असे तारण असलेले धनको, म्हणजे इथे बँक. मग कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे मागचे १२ महिने. मग विनातारण वित्तीय कर्ज. मग केंद्र व राज्य सरकारची दोन वर्षांची देणी. बँकेने तारण भांड्यात न घालता स्वतःच विकून घेतलं असेल आणि तरी काही राहिलं असेल, तर ते राहिलेलंही इथेच येतं. त्याच्या खाली "इतर सर्व देणी". तुम्ही तिथे आहात. तुमच्या खाली फक्त भागधारक.

कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे या रांगेत येतच नाहीत, ते भांड्याबाहेर असतात. तुमच्यापैकी काहींची उद्यम नोंदणी आहे आणि ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम तुम्हाला पाठ आहे, तो चांगलाच आहे. पण त्या नोंदणीने या रांगेत एक पायरीही वर चढता येत नाही.

आता विनातारण वित्तीय कर्जाची पायरी पाहा. पात्रांवांच्या भावाचे ४० लाख तिथे बसतात. सरकारच्या वर, तुमच्या दोन पायऱ्या वर. तुम्ही माल दिलात, त्यांनी पैसे दिले. कायद्याच्या नजरेत मालाची उधारी आणि उसने दिलेले पैसे वेगळे. कर्जावर व्याज ठरलेलं नव्हतं म्हणून ते वित्तीय कर्ज नाही, असंही म्हणता येत नाही. व्याज नसलेलं मुदतीचं कर्जसुद्धा वित्तीय कर्ज असू शकतं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. आणि कर्ज देणारा संचालकाचा भाऊ आहे म्हणून कलम ५३ त्याला खाली ढकलत नाही. मला हे पटत नाही. पण कायदा असा आहे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मात्र का झालं ते नाही.

प्लॉट औद्योगिक विकास महामंडळाचा, भाडेपट्ट्यावर घेतलेला. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी लागते आणि हस्तांतर शुल्क भरावं लागतं. अहवालात त्याची किंमत जवळजवळ स्वतःच्या मालकीची जमीन असल्यासारखी धरली होती. सगळं वजा जाता हाती आले ८५ लाख. मशिनरीला ६० लाख लावले होते, चालू कारखान्यातल्या मशिनरीचा भाव. बंद शेडमधून उचलून न्यायच्या मशिनरीला लिलावात मिळाले ३२ लाख. मालाचे ५ लाख. ५५ लाखांच्या येण्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षाहून जुनी होती. ती मीच वर्षानुवर्षं पुढच्या ताळेबंदात ओढत होतो, बुडीत म्हणून लिहायला कोणी तयार नव्हतं. त्यातले १८ लाख आले. एकूण १ कोटी ४० लाख. देणं २ कोटी २० लाख.

अशा वेळी लिक्विडेटरने गप्प राहायचं नसतं. देणं पूर्ण फिटणार नाही किंवा कोणाला फसवण्यासाठी हे चाललं आहे असं त्याला वाटलं, तर स्वेच्छेची प्रक्रिया थांबवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या लिक्विडेटरबाईंनी तो केला. पुढे दिवाळखोरी निवारणाची प्रक्रिया झाली, कारखाना चालवायला घेणारा कोणी पुढे आला नाही, आणि न्यायाधिकरणाने अवसायनाचा हुकूम दिला. स्वेच्छेने सुरू झालेली गोष्ट शेवटी सक्तीच्या दारातून गेली. दोन वेळचा खर्च मिळून १४ लाख.

आता वाटप. १ कोटी ४० लाखांतून खर्चाचे १४ गेले, उरले १ कोटी २६ लाख. बँकेचे ८० आणि कामगारांचे १८ पूर्ण फिटले, उरले २८. आम्हा कर्मचाऱ्यांचे ६, उरले २२. ते सगळे भावाच्या ४० लाखांपोटी गेले, म्हणजे त्यांना रुपयामागे ५५ पैसे. सरकारला शून्य. तुम्हाला शून्य. मला माझे पूर्ण मिळाले, हेही इथेच लिहून ठेवतो.

काही जणांनी मला नंतर विचारलं की पहिल्यापासूनच कोर्टाने कंपनी गुंडाळली असती तर आपल्याला काही मिळालं असतं का. इथे एक गाठ आहे, ती सोडवायला हवी. सक्तीची अवसायनंही दोन तऱ्हेची आहेत. कंपनी पैसे देऊ शकत नाही या कारणासाठी आता दिवाळखोरी संहितेतूनच जावं लागतं, आणि तिथे वर सांगितलेलीच रांग. दुसरी तऱ्हा कंपनी कायदा २०१३ च्या कलम २७१ ची. फसवणूक, सलग पाच वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण न भरणं, किंवा कंपनी गुंडाळणंच न्याय्य ठरेल अशी परिस्थिती, या कारणांसाठी न्यायाधिकरण तिथे हुकूम देतं. तिथली रांग वेगळी आहे, कलम ३२६ आणि ३२७ ची. बँक आणि कामगार तिथेही वर. पण त्यांच्या मागे बारा महिन्यांतले सरकारी कर आणि कर्मचाऱ्यांचा मर्यादित पगार येतो, आणि त्यानंतर विनातारण सगळे एका पायरीवर, भाऊही आणि तुम्हीही. आमचेच आकडे त्या रांगेत घालून पाहा. सरकारचे सगळे १६ लाख आणि आमचे ६ लाख त्या मर्यादांत बसतात असं धरलं, तर २८ मधून २२ जातात आणि ६ लाख उरतात. ते भावाच्या ४० आणि तुमच्या ६० लाखांत सारख्या प्रमाणात वाटायचे. तुम्हाला ३ लाख ६० हजार, म्हणजे रुपयाला सहा पैसे. शून्यापेक्षा बरं, पण त्यासाठी कोणी मुंबईला खेपा घालाव्यात असं नाही. शिवाय उधारी थकली एवढ्या कारणावर तुम्हाला कलम २७१ खाली जाताही येत नाही.

दिवाळखोरी संहितेत पुरवठादाराला स्वतःहून अर्ज करता येतो, पण मार्च २०२० पासून त्यासाठी थकबाकी किमान एक कोटीची लागते. त्याआधी ही मर्यादा एक लाख होती. तुमच्यापैकी एक कोटी कोणाचे थकले आहेत? म्हणून छोट्या पुरवठादाराच्या हातात खरं वजन एकाच वेळी येतं, त्या सात दिवसांत, जेव्हा मालकाला दोन तृतीयांश गाठायला तुमची सही हवी असते.

त्या सात दिवसांत काय मागायचं? संचालकांच्या प्रतिज्ञापत्राची आणि मूल्यांकन अहवालाची प्रत मागा. अहवालात प्लॉट भाडेपट्ट्याचा म्हणून धरला आहे का ते पाहा, आणि मशिनरीचा भाव चालू कारखान्यातला लावला आहे की उचलून न्यायचा, तेही विचारा. येण्यांची यादी वयवार मागा. वर्षाहून जुनी रक्कम जितकी असेल तितकी मनातल्या मनात पुसून टाका. संचालकांच्या घरच्यांची किती कर्जं आहेत आणि गेल्या दोन वर्षांत त्यातली कोणती परत केली, ते विचारा, कारण नातलगांना त्या काळात असं झुकतं माप दिलं गेलं असेल तर लिक्विडेटर ते व्यवहार उलटवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. बँकेचं तारण कशावर आहे हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या तारणांच्या नोंदीत कोणालाही दिसतं. मग त्या आकड्यांवरून कलम ५३ ची रांग एका कागदावर स्वतः मांडा, तुमच्या नंबरपर्यंत काही उरतं का ते पाहा. आमच्या कारखान्याच्या बाबतीत येण्यांचे २५ लाख पुसले असते, तरी २ कोटी १५ लाखांवर २ कोटी २० लाखांचं देणं उघडं पडलं असतं. लिलावापर्यंत थांबायची गरजच नव्हती.

आणि समजा सही केलीत, किंवा तुमच्याशिवायच ठराव पास झाला. तर लिक्विडेटर नेमल्यापासून पाच दिवसांत वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, इंग्रजीत आणि इथल्या भाषेत. बारीक टाइपात असते, मृत्युलेखांच्या पानाजवळ कुठेतरी. अवसायन सुरू झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत आपली मागणी पुराव्यानिशी दाखल करायची. खोकीवाल्या गृहस्थांना वाटलं की संमतीवर सही केली म्हणजे मागणी नोंदली गेली. ती नोंदली गेली नव्हती, आणि मुदत संपून अकरा दिवस झाल्यावर ते माझ्याकडे आले. बिलं, डिलिव्हरी चलनं, आणि शेवटचा ताळा ज्यात कंपनीने तुमचं देणं मान्य केलं आहे, हे एका फाइलीत ठेवा. चलनावर गोदामातल्या माणसाची सही नसेल तर ती आत्ताच घ्या, कारखान्याला टाळं लागल्यावर तो माणूस सापडत नाही. मागणी पूर्ण किंवा अर्धी नाकारली, तर निर्णय कळल्यापासून १४ दिवसांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल संचालकांना शिक्षा होऊ शकते. पण त्या शिक्षेने तुमचं बिल फिटत नाही, आणि दंड झाला तर तो सरकारजमा होतो. तेव्हा माझ्यासारखा कोणी ओळखीचा माणूस तो कागद घेऊन दारात आला, तर त्याला चहा द्या, आणि कागद ठेवून जायला सांगा. सात दिवसांतले दोन तरी दिवस तो तुमच्या घरी राहू दे.

आपला,
फोंड्याचा एक निवृत्त हिशेबनीस